साडेअठरा अंश म्हणजे १८.३० नव्हे: शहरांचे अक्षांश-रेखांश डीएमएसमधून डेसिमलमध्ये आणि परत, न चुकता

मागे एकदा मी चाळीसेक शहरांची यादी बनवत होतो. नाव, अक्षांश, रेखांश, एवढंच. काही आकडे जुन्या ॲटलासच्या मागच्या सूचीतून घेतले, काही नेटवरून, आणि काही एका मित्राने मोबाइलवर टाइप करून पाठवले होते. सगळं एका शीटमध्ये भरलं, नकाशावर टाकलं आणि बघतो तर नाशिक जागेवर, नागपूर जागेवर, पण पुणे थेट सह्याद्रीच्या कड्याजवळ, रायगड किल्ल्यापासून सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरवर!

शीटमधला आकडा होता १८.३११३, ७३.५१२४. दिसायला एकदम व्यवस्थित, चार डेसिमल वगैरे. आणि तिथेच घोळ होता, कारण मित्राने ॲटलासमधलं १८°३१′१३″ आणि ७३°५१′२४″ बघून चिन्हं काढून टाकली आणि मध्ये एक टिंब ठेवून दिलं. फोनवर अंशाचं चिन्ह शोधायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

तर हा लेख त्या टिंबावर आहे. रूपांतराचं गणित पाचवीतल्या मुलालाही येईल, पण चुका गणितात होतच नाहीत, त्या होतात आकडा कुठल्या प्रकारचा आहे हे ओळखण्यात, उणे चिन्हात आणि राउंडिंगमध्ये. आणि गंमत म्हणजे प्रत्येक चूक आपला ठसा सोडते, तो ओळखता आला की शीट बघूनच कळतं की नेमकं काय झालंय.

आधी दोन्ही पद्धती, थोडक्यात

डीएमएस म्हणजे डिग्री, मिनिट, सेकंद. आपल्याकडे पंचांगात हेच अंश, कला, विकला म्हणून येतं: ६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश. मी इथे कला-विकलाच म्हणणार आहे, कारण मिनिट-सेकंद म्हटलं की घड्याळ डोक्यात येतं आणि रेखांशाच्या बाबतीत तो गोंधळ खरंच होतो. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे रेखांशाची एक कला घड्याळाच्या चार सेकंदांएवढी. पत्रिका करणाऱ्यांना हे माहीत असतं: भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ वर धरलेली, पुणे ७३°५१′ वर, फरक ८°३९′, गुणिले चार म्हणजे जवळजवळ ३४ मिनिटं ३६ सेकंद. यातल्या ३९ कला वेगळ्या आणि ३६ सेकंद वेगळे, दोन्हीला मिनिट-सेकंदच म्हणत बसलो तर संपलंच.

डेसिमल डिग्री म्हणजे सगळा उरलेला भाग अंशाच्याच दशांशात. पुण्याचं १८°३१′१३″ तिकडे १८.५२०३ होतं. जागा तीच, लिहिण्याची पद्धत वेगळी. पहिल्या पद्धतीत अंशाचे साठ भाग, दुसरीत दहा, शंभर, हजार असे भाग.

आता जमिनीवर हे केवढं, याचा अंदाज हवा, नाहीतर चूक छोटी की मोठी ते कळत नाही. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर, एक कला म्हणजे १.८५ किलोमीटर, एक विकला म्हणजे ३१ मीटरच्या आसपास. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे आकसत जातो, पुण्याच्या अक्षांशावर तो १०५-१०६ किलोमीटर असतो. डेसिमलमध्ये चौथं स्थान म्हणजे साधारण ११ मीटर. एवढे आकडे लक्षात राहिले तरी काम भागतं.

टिंबाचा वेष: डीएमएस जेव्हा डेसिमल बनून येतो

आपल्याला एक फायदा आहे, जो बऱ्याच भाषांना नाही. आपल्याकडे सव्वा, साडे, पावणे आहेत. १८°३१′ वाचताना मनात म्हणायचं, "साडेअठराच्या एक कला पुढे". साडेअठरा म्हणजे डेसिमलमध्ये १८.५, मग उत्तर १८.५ च्या जरा पुढेच असलं पाहिजे. १८.३१ दिसलं की लगेच खटकतं, कारण ते सव्वाअठराच्या जवळ आहे. तसंच ७३°५१′ म्हणजे पावणेचौऱ्याहत्तर उलटून गेलेत, तर ७३.७५ च्या वर काहीतरी हवं. १५ कला म्हणजे .२५, ३० म्हणजे .५, ४५ म्हणजे .७५, ही तीन खुंट्या डोक्यात पक्क्या केल्या की कॅल्क्युलेटर उघडायच्या आधीच चूक सापडते. मी अजूनही प्रत्येक आकडा असाच एकदा पुटपुटून बघतो, घरचे हसतात, हसू देत.

एखादा आकडा असा तपासता येतो, पण हातात आख्खी यादी असेल आणि मूळ डीएमएस समोर नसेल तर काय? तेव्हा टिंबानंतरचे पहिले दोन आकडे बघत खाली जायचं. खऱ्या डेसिमलमध्ये तिथे ०० पासून ९९ पर्यंत काहीही येतं. वेष घेतलेल्या डीएमएसमध्ये तिथे कला असतात, त्यामुळे ५९ च्या वर काही येऊच शकत नाही. पुढचे दोन आकडे विकलांचे, तेही ५९ च्या आत. म्हणजे दहा शहरांचे वीस आकडे असतील आणि एकातही टिंबानंतर लगेच ६, ७, ८, ९ नसेल, तर समजा की हे डेसिमल नाहीच. निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता ०.६ चा विसावा घात, म्हणजे साधारण सत्तावीस हजारांत एक. एकट्यादुकट्या आकड्यावर मात्र हे लावू नका, १८.३१ असा खरा डेसिमलही असतोच की.

दुसरा ठसा नकाशावर दिसतो. कला भागिले साठऐवजी भागिले शंभर झालेल्या असतात, त्यामुळे आकडा नेहमी खऱ्यापेक्षा कमीच येतो, कधीच जास्त नाही. म्हणून भारतातलं प्रत्येक शहर दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकतं, नैऋत्येला. किती सरकेल हे कलांवर ठरतं. ३१ कला असतील तर २३ किलोमीटर, ५९ असतील तर जवळजवळ ४५, आणि कला दोन-चारच असतील तर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. मुंबई घ्या: १९°०४′३४″, ७२°५२′४०″. वेष घेऊन ती १९.०४३४, ७२.५२४० झाली की दक्षिणेला साडेतीन किलोमीटरच सरकते, पण पश्चिमेला ३७, म्हणजे सरळ अरबी समुद्रात. समुद्रात पडली म्हणून बरं, लगेच दिसते तरी. आतल्या भागातलं गाव असेल तर शेजारच्या तालुक्यात जाऊन गुपचूप बसतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

उलटी चूकही होते, डेसिमलला डीएमएस समजून वाचायची. १८.५२०४ चं कोणी १८°५२′०४″ केलं तर ते अगदी खरं वाटतं, आणि पुणे ३८ किलोमीटर उत्तरेला जातं. पण जोडीचा रेखांश ७३.८५६७ तसाच वाचला की ७३°८५′६७″ होतो, आणि ८५ कला असतातच कुठे? म्हणून कायम जोडी एकत्र बघायची, एकाने फसवलं तर दुसरा सहसा पकडून देतो.

डीएमएसमधून डेसिमल: खालून वर

सूत्र सगळ्यांना माहीत असतं, अंश + कला/६० + विकला/३६००. पण हाताने किंवा साध्या कॅल्क्युलेटरवर करताना मला खालून वर जाणं जास्त बिनचूक वाटतं, कारण ३६०० ने भागताना एखादा शून्य हमखास राहतो.

पुणे करून बघू. विकलांपासून सुरुवात: १३ ÷ ६० = ०.२१६७. त्यात कला मिळवा: ३१.२१६७. याला परत ६० ने भागा: ०.५२०२८. अंश मिळवा: १८.५२०२८. रेखांश: २४ ÷ ६० = ०.४, त्यात ५१ मिळवले की ५१.४, भागिले ६० = ०.८५६६७, उत्तर ७३.८५६६७. प्रत्येक पायरीला फक्त साठच, दुसरा आकडा लक्षात ठेवायची गरज नाही. मधल्या पायरीत राउंड करू नका, कॅल्क्युलेटरवर जे आहे ते तसंच पुढे न्या, राउंड शेवटी एकदाच.

आणि शेवटी किती स्थानं ठेवायची? मूळ आकडा विकलांपर्यंत असेल तर चार. एक विकला ०.०००२८ अंशाची असते, चार स्थानांत ती नीट मावते आणि परत उलटं केल्यावर तीच विकला मिळते. मूळ फक्त कलांपर्यंत असेल, नुसतं १८°३१′, तर दोन स्थानं, १८.५२. कॅल्क्युलेटर दाखवतो म्हणून १८.५१६६६७ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की कोणीतरी दहा सेंटिमीटरपर्यंत मोजलंय, प्रत्यक्षात मूळ आकडाच एक-दीड किलोमीटरला धरून होता. शिवाय शहर म्हणजे काय एक टिंब आहे का, कोणी महापालिकेची इमारत धरतो, कोणी स्टेशन, कोणी हद्दीचा मध्य. दोन सूचींमध्ये पुण्याच्या विकला जुळल्या नाहीत म्हणून डोकं खाजवत बसू नका, तो रूपांतराचा दोष नसतो.

उणे चिन्ह, आणि लंडन पूर्वेला कसं गेलं

भारतापुरतं काम असेल तर हा भाग वाचला नाही तरी चालेल, आपण उत्तरेला आणि पूर्वेला, सगळं अधिक. पण यादीत सिडनी किंवा लंडन आलं की हमखास इथेच गाडी अडते.

डेसिमलमध्ये दक्षिण आणि पश्चिम उणे लिहितात. चूक अशी होते: सिडनी ३३°५२′ दक्षिण, म्हणून अंशाच्या कॉलममध्ये −३३ टाकतात आणि नेहमीचं सूत्र लावतात. −३३ + ५२/६० = −३२.१३. उणे फक्त अंशाला लागलं आणि कला उलट्या दिशेने मोजल्या गेल्या. खरं उत्तर −३३.८७ आहे. सिडनी १९० किलोमीटरहून जास्त उत्तरेला गेली, न्यूकॅसलच्याही पलीकडे. ठसा काय, तर दक्षिणेची शहरं विषुववृत्ताकडे आणि पश्चिमेची ग्रिनिचकडे सरकलेली, आणि तीही कलांच्या दुपटीने.

याहून छुपा प्रकार लंडनचा. ५१°३०′२६″ उत्तर, ०°०७′३९″ पश्चिम. अंश शून्य आहे, आता उणे लावणार कुठे? शीटमध्ये −० टाइप केलं की ती निमूटपणे ० करून टाकते. कला ७, विकला ३९, दोन्ही अधिक, आणि उत्तर येतं ०.१२७५, खरं हवं होतं −०.१२७५. लंडन साडेसतरा-अठरा किलोमीटर पूर्वेला. क्विटोचं तसंच, ०°१३′ दक्षिण, चिन्ह हरवलं की शहर विषुववृत्त ओलांडून पलीकडे.

यावर उपाय एकच आहे आणि तो दोन्ही चुकांना पुरतो. अंशाच्या कॉलममध्ये उणे कधीच लिहायचं नाही. दिशेचा वेगळा कॉलम ठेवायचा, तिन्ही आकडे अधिक, पूर्ण बेरीज झाल्यावर सगळ्यात शेवटी दिशेनुसार उणेने गुणायचं.

दिशेचं अक्षर वाचतानाही सावध राहा. मराठी सूचीत पू. आणि प. यांच्यात फक्त एका उकाराचा फरक आहे, खराब छपाईत तो उडतो. आणि परदेशी सूचीत `O` दिसलं तर आधी भाषा बघा: स्पॅनिश-फ्रेंचमध्ये ते पश्चिम असतं आणि जर्मनमध्ये पूर्व!

डेसिमलमधून डीएमएस: आधी सगळ्याच्या विकला करा

शाळेतली पद्धत म्हणजे पूर्णांक अंश बाजूला काढा, उरलेल्याला ६० ने गुणा, पूर्णांक कला काढा, उरलेल्याला परत ६० ने गुणा. बरोबर आहे, पण राउंडिंग कुठे करायचं हे चुकलं की विचित्र उत्तरं येतात.

नाशिक बघा, १९.९९७५. दशांश भाग गुणिले ६० = ५९.८५ कला. घाईत कोणी इथेच राउंड केलं तर ६०, म्हणजे १९°६०′, असं काही नसतंच. खरं उत्तर १९°५९′५१″. दुसरा प्रकार: कोणीतरी १८°३१′ चा डेसिमल तोडून १८.५१६६ लिहिला. आता परत करा: ३०.९९६ कला, म्हणजे ३०, उरले ०.९९६ × ६० = ५९.७६ विकला, राउंड करून ६०. उत्तर १८°३०′६०″. यादीत ६०″ दिसलं की समजायचं की राउंडिंग सगळ्यात शेवटच्या टोकाला केलंय आणि हातचा वर नेलेला नाही.

हे टाळायला मी उलटं करतो. आधी सगळ्या आकड्याच्या विकला करून घ्यायच्या, तिथेच एकदा राउंड, आणि मग पैशांचे रुपये करतात तसे वाटून टाकायचे. पुणे: १८.५२०४ × ३६०० = ६६६७३.४४, राउंड करून ६६६७३. भागिले ३६०० = १८, बाकी १८७३. बाकी भागिले ६० = ३१, बाकी १३. झालं, १८°३१′१३″. रेखांश ७३.८५६७ × ३६०० = २६५८८४.१२, राउंड २६५८८४, त्यातून ७३ अंश काढले की ३०८४ उरतात, त्यात ५१ कला आणि २४ विकला. आता पूर्णांकांचाच भागाकार असल्यामुळे ६० कधी येणारच नाही. कॉम्प्युटरची ती जुनी खोड, १८ ऐवजी आत १७.९९९९९ धरून ठेवायची, तीही इथे त्रास देत नाही, कारण राउंड आधीच झालेलं असतं.

आकडा उणे असेल तर आधी चिन्ह काढून ठेवा, अधिक आकड्यावर हे सगळं करा आणि शेवटी दिशा लिहा. उणे आकड्यावर शीटचं `INT` लावलं तर ते खालच्या पूर्णांकाला जातं, −३३.८७ चे −३४ होतात आणि पुढचं सगळं बिघडतं.

तिसरा पाहुणा: अंश आणि दशांश कला

लोकांना वाटतं पद्धती दोनच. पण हातातले जीपीएस, बोटींवरची उपकरणं, जुने ट्रेकचे लॉग यांत बऱ्याचदा तिसरी असते, अंश पूर्ण आणि कला दशांशात: १८°३१.२२′. हे डीएमएस नाही आणि डेसिमल डिग्रीही नाही. कोणी घाईत ३१.२२ चं ३१′२२″ केलं तर? खरं आहे ३१′१३″, कारण ०.२२ कला म्हणजे ०.२२ × ६० = १३ विकला. फरक ९ विकलांचा, पावणेतीनशे मीटरच्या आसपास.

मला विचाराल तर हीच सगळ्यात वाईट चूक. रायगडाजवळ गेलेलं पुणे दिसतं, समुद्रातली मुंबई दिसते, पण पावणेतीनशे मीटर सरकलेलं टिंब शहराच्या आतच राहतं आणि वर्षानुवर्षं तसंच कॉपी होत राहतं. ओळखायचं कसं, तर चिन्हांवरून: टिंबानंतर एक तिरकी रेघ आली तर दशांश कला, टिंबानंतर अंशाचं चिन्ह आलं तर डेसिमल डिग्री. आणि त्या कॉलममध्ये कुठेही टिंबानंतर ६० च्या वरचा आकडा दिसला, समजा ३१.७४′, तर त्या विकला नव्हेतच.

शीटमध्ये एकदाच बसवून टाका

गुगल शीट धरून सांगतो. `A2` मध्ये मूळ मजकूर, `18°31′13″N` असा. मूळ कॉलम कधी पुसू नका, चूक शोधायला तोच लागतो. चिन्हांचा फार वैताग असतो, कोणी सरळ अवतरण टाकतं, कोणी वाकडं, कोणी दोन एकेरी अवतरणं जोडून दुहेरी करतं, कोणी अंशाऐवजी तसंच दिसणारं छोटं वर्तुळ टाकतं. म्हणून चिन्ह ओळखायच्या भानगडीत न पडता फक्त आकडे आणि दिशेचं अक्षर उचलायचं. `B2` मध्ये:

```
=REGEXEXTRACT(A2,"(\d+)[^\d.]+(\d+)[^\d.]+([\d.]+)[^\d.]*([NSEW])")
```

याने `B` ते `E` मध्ये अंश, कला, विकला आणि दिशा पडतात. मधल्या `[^\d.]` मधलं टिंब मुद्दाम आहे. पहिल्यांदा मी तिथे "आकडा नसलेलं काहीही" एवढंच लिहिलं होतं, मग त्याने १८°३१.२२′ मधलं टिंबही दोन आकड्यांमधली खूण समजून २२ विकला करून टाकल्या, म्हणजे वर जी चूक सांगितली ती मीच केली, तीही फॉर्म्युल्याने! आता तसा आकडा आला की एरर येतो, आणि एरर आलेला परवडतो. नुसत्या कलांपर्यंतचे आकडे आले तरी एरर येईल, ते हाताने बघा. देवनागरी आकडे भरलेले असतील तरी तेच, `\d` ला १८ हा आकडा वाटतच नाही, आधी ते इंग्रजी आकड्यांत करून घ्या.

मग `F2` मध्ये डेसिमल, तपासणीसकट:

```
=IF(OR(VALUE(C2)>=60,VALUE(D2)>=60),"तपासा",
 ROUND((B2+C2/60+D2/3600)*IF(OR(E2="S",E2="W"),-1,1),4))
```

`VALUE` विसरू नका, कारण `REGEXEXTRACT` मधून आलेला ३१ हा शीटच्या दृष्टीने मजकूर असतो, आणि मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, मग सगळ्याच ओळींत "तपासा" येईल.

उलट दिशेला, समजा `F2` मध्ये डेसिमल आहे, तर `G2` मध्ये एकूण विकला आणि पुढे `H`, `I`, `J` मध्ये अंश, कला, विकला:

```
G2: =ROUND(ABS(F2)*3600,0)
H2: =INT(G2/3600)
I2: =INT(MOD(G2,3600)/60)
J2: =MOD(G2,60)
```

जोडून लिहिताना कला आणि विकलांना दोन-दोन आकडे द्या, `TEXT(I2,"00")` असं. नागपूरचा रेखांश ७९.०८८२, म्हणजे ७९°०५′१८″. यातलं ०५ चं शून्य गाळून कोणी पुढे चिन्हं काढली की ७९५१८ उरतं, आणि त्याचं ५१′ ८″ करायला दुसऱ्या माणसाला काही वेळ लागत नाही.

फेरी मारून बघा

एक शेवटची तपासणी मी प्रत्येक यादीवर चालवतो. डीएमएसचा डेसिमल केला, त्याच डेसिमलचा परत डीएमएस केला, आणि मूळ अंश-कला-विकलांशी ताडून बघितलं. चार स्थानं ठेवली असतील तर पूर्ण विकलांपर्यंत शंभर टक्के जुळलं पाहिजे. जिथे एका विकलेचा फरक आहे तिथे कोणीतरी राउंड न करता तोडलंय. पुण्याचा १८.५२०२८ राउंड केला की १८.५२०३, परत १३″. तोडला तर १८.५२०२, त्याच्या विकला १२.७२, आणि त्याही तोडल्या की १२″. एकदा ठीक आहे, पण यादी दहा जणांच्या हातून गेली तर काही शहरं अशी हळूहळू खाली सरकत जातात.

पण ही फेरी एक गोष्ट पकडत नाही, मूळ आकडाच वेष घेऊन आला असेल तर तो दोन्हीकडून सुखरूप परत येतो. १८.३११३ चा डीएमएस १८°१८′४१″ होतो, आणि त्याचा परत १८.३११४, जवळजवळ तोच. सगळं जुळतं आणि पुणे घाटातच. म्हणून नकाशावर टाकून बघणं सोडू नका, आणि टाकताना अक्षांश-रेखांशाचा क्रमही बघा, जिओजेसन फाइलमध्ये आधी रेखांश असतो. अदलाबदल झाली की पुणे नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकच्या समुद्रात जाऊन पडतं, ते मात्र शोधावं लागत नाही.

माझ्या त्या यादीत असं सगळं करून पुण्यासोबत आणखी पाच शहरं वेष घेतलेली निघाली, सगळी त्याच मित्राने पाठवलेली, सगळी नैऋत्येला सरकलेली. त्याला सांगितलं तर म्हणाला, "अरे मग अंशाचं चिन्ह कुठे असतं ते तरी सांग." अँड्रॉइडच्या गुगल कीबोर्डवर आकड्यांच्या पानावरून चिन्हांच्या दुसऱ्या पानावर गेलं की तिथे असतं. नाहीच सापडलं तर १८ ३१ १३ N असं जागा सोडून लिही म्हटलं, वरचा फॉर्म्युला तेही उचलतो, फक्त टिंब देऊ नकोस.